सूनबाईची वही आणि साडेसातचा गजर

मैत्रिणींनो, आपल्या मंडळातल्या तिघींच्या सुना या वर्षी बाहेरून पदवी करत आहेत. मागच्या महिन्यात एकीच्या सासूबाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी हे कसं जमतं? आमचीनं भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलं, मोबाईलवर दहा गजर लावले, आणि पंधरा दिवसांत सगळं बंद." फोनवर उत्तर लांबलं असतं, म्हणून इथे लिहिते. माझं मत सुरुवातीलाच सांगते. नोकरी करणाऱ्या बाईचं संध्याकाळचं अभ्यासाचं वेळापत्रक हा तिचा एकटीचा कागद नसतो. तो घराचा कागद असतो. आणि तो करताना आधी तास मोजायचे असतात, विषय नंतर लिहायचे असतात. बहुतेक जणी नेमकं उलट करतात.

माझी सूनबाई सातिवलीच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी. बारावीनंतर लग्न झालं, मग मूल, मग नोकरी. टॅली तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण पदवी नाही म्हणून वरची जागा मिळत नाही. तिच्यानंतर आलेली, तिनंच काम शिकवलेली मुलगी आज तिच्या वरच्या खुर्चीवर बसते. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, मला दुसरीकडून कळलं. चौतिसाव्या वर्षी तिनं इग्नूच्या बी.कॉम.ला नाव घातलं.

इग्नू १९८५ साली दिल्लीत सुरू झालं आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. दोन्हीकडे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचीच संख्या मोठी, त्यामुळे नियमही तसेच सैल ठेवलेले आहेत. पण सैल नियमांचा फायदा घ्यायचा तर ते वाचावे लागतात. माहितीपुस्तिका कपाटात ठेवून उपयोग नाही.

त्या पुस्तिकेत एक साधी गोष्ट लिहिलेली असते, ती म्हणजे एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. वाचन, गृहपाठ, केंद्रावरची मार्गदर्शन सत्रं, सगळं त्यात आलं. सहा क्रेडिटचा पेपर म्हणजे एकशे ऐंशी तास, चार क्रेडिटचा म्हणजे एकशे वीस. सूनबाईच्या पहिल्या सत्रात सहा क्रेडिटचे तीन पेपर आणि चार क्रेडिटचा पर्यावरणाचा एक. एकूण बावीस क्रेडिट, म्हणजे सहाशे साठ तास.

आता दुसरी बाजू मांडू. मी वाणिज्य शाखेची, मला जमा-खर्च दोन्ही दिसल्याशिवाय चैन पडत नाही. जुलैपासून डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत बावीस आठवडे. त्यातला पर्युषणाचा आठवडा शून्य धरायचा. उपवास, प्रतिक्रमण, व्याख्यान, त्यात अभ्यास होत नाही आणि होईल असं कागदावर लिहू नये. दिवाळीचा एक आठवडा शून्य. आणखी एक आठवडा लग्न, आजारपण, पावसात रस्ते भरले, यासाठी. उरले एकोणीस.

रोजच्या वेळेचं माप आम्ही आपल्या सामायिकाकडून घेतलं. अठ्ठेचाळीस मिनिटं. (अभ्यास म्हणजे सामायिक नव्हे, गैरसमज नको. नफा-तोट्याची खाती सामायिकात बसून करायची नसतात. घेतलं ते फक्त माप.) हे माप घ्यायचं कारण असं की आपल्या बायकांच्या अंगात ते लहानपणापासून बसलेलं असतं. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं, मध्ये उठायचं नाही, दाराची बेल वाजली तर दुसऱ्यानं बघायचं. 'दोन तास अभ्यास' असं लिहिलं की त्या दोन तासांत चार वेळा उठणं होतं. दोन बैठकी लिहिल्या की दोन बैठकीच होतात. मध्ये बारा मिनिटं पाय मोकळे करायला.

सोमवार ते गुरुवार रोज दोन बैठकी, साडेसात ते आठ अठरा आणि साडेआठ ते नऊ अठरा. रविवारी चार, दोन सकाळी आणि दोन दुपारी. शुक्रवार मुद्दाम रिकामा, आणि शनिवार संध्याकाळ मुलाची. आठवड्याच्या बारा बैठकी झाल्या, म्हणजे नऊ तास छत्तीस मिनिटं. एकोणीस आठवड्यांचे एकशे ब्याऐंशी तास.

हवेत सहाशे साठ, आहेत एकशे ब्याऐंशी! भिंतीवरची रंगीत वेळापत्रकं पंधरा दिवसांत का बंद पडतात त्याचं कारण इथे आहे. मुलगी आळशी नसते. तिनं चार पेपर चार रंगांत लिहिलेले असतात आणि ते त्या संध्याकाळींत मावत नसतात. दुसऱ्या आठवड्यात ती मागे पडते, तिसऱ्यात आणखी, मग तो कागद तिला रोज टोचतो आणि ती तो काढून टाकते. त्यात घरातलं कोणी म्हणतं, "झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?" संपलं.

उपाय पुस्तिकेतच आहे. इग्नूच्या बी.कॉम.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. परीक्षेचा अर्जही पेपरनिहाय भरता येतो, सगळे पेपर एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. एकूण एकशे बत्तीस क्रेडिट सहा वर्षांत वाटले तर वर्षाला बावीस, म्हणजे दर सहामाहीला अकरा. सूनबाईनं डिसेंबरसाठी दोनच पेपर निवडले, वित्तीय लेखांकन आणि पर्यावरण. दहा क्रेडिट. लेखांकन ती रोज हातानं करते, म्हणून एकशे ऐंशीऐवजी नव्वद तास धरले. पर्यावरणाचे पूर्ण एकशे वीस. झाले दोनशे दहा. हाती एकशे ब्याऐंशी. अठ्ठावीस तासांची तूट राहिली, ती भरायला परीक्षेआधी पाच दिवसांची रजा आधीच मागून ठेवली, रोज सहा तास. असा ताळा बसला तेव्हा कुठे आम्ही वेळापत्रकाचा कागद हातात घेतला.

तिच्या आईला हे पटलं नाही. "सहा वर्षं? तोवर मुलगा दहावीला जाईल." जाईलच. पदवी न करताही तो दहावीला जाणारच आहे.

आता त्या साडेसातचं. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, ही अडचण आहे असं पुष्कळ जणी मानतात. नोकरीवरून यायचं, घाईनं जेवायचं, मग कसला अभ्यास? मला वाटतं अभ्यास करणाऱ्या बाईला याच्यासारखी सोय नाही. ज्या घरात रात्री नऊला ताट वाढलं जातं तिथे संध्याकाळ दोन्हीकडून कुरतडली जाते. सात ते नऊ स्वयंपाक, नऊ ते दहा जेवण, दहा ते साडेदहा आवराआवर. आपल्याकडे ओटा सातपर्यंत पुसून होतो. आणि पोट जड होऊन झोप यायच्या वेळेपर्यंत अर्धा अभ्यास झालेला असतो.

मात्र सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकते. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जून-जुलैत सव्वासातला. म्हणून वेळापत्रकं दोन लागतात. हिवाळ्यात सहाला सुटून घरी येऊन जेवणं शक्यच नाही, म्हणून ती दुसरा डबा नेते आणि साडेपाचला जागेवरच जेवते. थेपले, दशमी, कोरडी भाजी, असं काहीतरी. घरी येते सव्वासहाला. मग मुलाबरोबर पाऊण तास, थोडी पाठ टेकायची, आणि साडेसातला बैठक. पावसाळ्यात साडेसहाला घरी सगळ्यांबरोबर जेवते. तेव्हा घाई होते, पण साडेसात गाठता येतात, जर ओटा तिच्या वाट्याला नसेल तर. त्या 'जर'कडे येतेच.

आधी झोपेचं सांगते, कारण संध्याकाळच्या अभ्यासाचा खरा शत्रू झोप. बाकीचे लोक चहा घेतात. चौविहार करणारीला पाणीही नाही, तिविहार असेल तर उकळलेलं पाणी. चहाचा प्रश्नच नाही. म्हणून कोणत्या वेळी कोणता विषय हे नीट ठरवावं लागतं. सगळे सांगतात, अवघड गणितं डोकं ताजं असताना करा, वाचन संध्याकाळी. मला हे पटत नाही. दिवसभर संगणकासमोर बसून आलेली बाई साडेसातला पर्यावरणाचं पुस्तक उघडून वाचायला लागली की आठच्या आत मान खाली जाते. तीच बाई वहीवर रेघा मारून घसाऱ्याचं खातं करायला बसली तर जागी राहते, कारण हात चालतो आणि शेवटी ताळा जुळतो की नाही याची उत्सुकता असते. म्हणून आमच्याकडे पहिली बैठक नेहमी लिहिण्याची. एक तर लेखांकनाची उदाहरणं, नाहीतर गृहपाठ. दुसरी बैठक पर्यावरणाची, पण तीही वाचून पुस्तक मिटून चार ओळी लिहायच्या अशी. सलग वाचन रविवारी सकाळी.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. परीक्षेला तास-तास हातानं लिहावं लागतं आणि आजच्या नोकरदार बायकांच्या हाताला सहीपलीकडे पेन माहीत नाही. सूनबाई पहिल्या आठवड्यात दोन पानांवर बोटं चोळत होती. ही सवय नोव्हेंबरमध्ये लागत नाही, जुलैपासून लावावी लागते.

गृहपाठाला तिनं पहिले पाच आठवडे दिले. इग्नूत गृहपाठाला तीस टक्के वजन आणि परीक्षेला सत्तर, आणि पदवीला दोन्हींत वेगवेगळे पस्तीस टक्के मिळवावे लागतात. म्हणजे परीक्षा उत्तम देऊनही गृहपाठ राहिला तर पेपर सुटत नाही. शिवाय गृहपाठाचे प्रश्न घेऊन बसलं की पुस्तकातला कोणता भाग महत्त्वाचा ते आपोआप कळतं. पुस्तकं टपालानं यायला उशीर झाला तरी थांबायचं नाही. eGyanKosh या संकेतस्थळावर तीच पुस्तकं फुकट मिळतात. तिनं पहिले दोन धडे कारखान्यातच छापून घेतले, साहेबांना विचारून.

आता गजर. मोबाईलवर दहा गजर लावणारी मुलगी आठव्या दिवशी ते न ऐकता बंद करायला शिकते. बोट आपोआप जातं. आमच्याकडे रोजचे तीनच आहेत. सात दहाचा, साडेसातचा आणि नऊ अठराचा. गजराला नाव देता येतं, तिथे 'अभ्यास' असं लिहू नये. 'अभ्यास' वाचून मन पुढे ढकलतं. तिथे पहिली कृती लिहायची, 'वही उघड, घसारा, उदाहरण ४.' ती ओळ आदल्या रात्री नऊ अठराचा गजर वाजला की लिहायची. वही मिटताना उद्याची ओळ मोबाईलमध्ये टाकायची आणि उद्याचं पुस्तक त्या पानावर खूण घालून टेबलावर ठेवायचं. दमून आलेल्या माणसाला 'आज काय करू' हे ठरवायला लागलं की वीस मिनिटं तिथेच जातात.

गजर आणि कॅलेंडरची सूचना यातला फरक माझ्या मुलानं समजावला, तो उपयोगी आहे. मोबाईल मुका करून ठेवला तरी घड्याळातला गजर सहसा वाजतो, कॅलेंडरची सूचना मात्र नुसती पडद्यावर येऊन पडते. म्हणून रोज बसण्यासाठी गजर, आणि तारखांसाठी कॅलेंडर. तारखा चारच. गृहपाठ द्यायची, परीक्षेचा अर्ज भरायची, रजेचा अर्ज द्यायची आणि प्रवेशपत्र उतरवून घ्यायची. प्रत्येकीला दोन सूचना, एक महिनाभर आधी आणि एक आठवडाभर आधी. डिसेंबरच्या परीक्षेचे गृहपाठ आणि अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, पण नेमकी तारीख दर वेळी संकेतस्थळावरच पाहायची, गेल्या वर्षीची धरायची नाही. मुदत वाढते असं सगळे सांगतात आणि पुष्कळदा ती वाढतेही. तिच्या कॅलेंडरात मात्र मूळ तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख आहे. गृहपाठ दिल्याची पोच घ्यायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. गुण चढायचे राहिले तर हातात तेवढंच असतं.

रिकाम्या शुक्रवारबद्दल मला पुष्कळ जणी विचारतात. एखाद्या मंगळवारी कारखान्यात जीएसटीचं काम निघतं आणि ती आठला घरी येते. एखाद्या बुधवारी मुलाला ताप. ज्या वेळापत्रकात सगळे वार भरलेले असतात तिथे ही चुकलेली बैठक जायला जागाच नसते, ती डोक्यावर बसून राहते. आमच्याकडे ती शुक्रवारी जाते. काही चुकलं नसेल तर शुक्रवारी ती खुशाल मालिका बघते, कोणी काही म्हणत नाही. पण एका शुक्रवारी दोनपेक्षा जास्त बैठकी भरून काढायच्या नाहीत. बाकीच्या सोडून द्यायच्या आणि वहीत सोडल्या असं लिहायचं.

वही म्हणजे साधी रोजकीर्द. डावीकडे ठरलेल्या बैठकी, उजवीकडे झालेल्या, रविवारी रात्री बेरीज. बारापैकी दहा-अकरा होत असतील तर ठीक. सलग तीन आठवडे आठच्या खाली गेलं तर समजायचं की एक पेपर कमी करायचा आहे. हा निर्णय परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी घ्यायचा, परीक्षेच्या आदल्या रात्री रडत घ्यायचा नाही. आमच्याकडे ऑगस्टच्या शेवटी नऊ, सात, सात असे आकडे आले होते. मी वही बघितली आणि अभ्यासाचं काही बोलले नाही. सात वाजता ओट्याशी कोण उभं आहे ते बघितलं. तीच होती.

आपल्या घरांत एक सवय आहे. माझा मुलगा सी.ए.चा अभ्यास करत होता तेव्हा त्याला कोणी "जरा डाळीला फोडणी दे" म्हटलं नव्हतं. उलट त्याच्या खोलीशी आम्ही पावलं हळू टाकायचो. सून अभ्यासाला बसली की मात्र "पाचच मिनिटं ये" असं पंधरा मिनिटांनी एकदा होतं, आणि हाक मारणाऱ्याला ते हाक मारणं वाटतही नाही. कार्तिकात ज्ञानपंचमीला आपण पुस्तकांना वासक्षेप वाहतो, ज्ञानाची आशातना होऊ नये म्हणून पुस्तकाला पाय लागू देत नाही. उघड्या पुस्तकावरून माणसाला उठवणं ही कोणती आराधना, ते मला कोणी सांगावं.

म्हणून आमच्याकडे सात दहाचा गजर तिच्या मोबाईलवर वाजतच नाही. तो माझ्या मुलाच्या मोबाईलवर वाजतो, नाव आहे 'ओटा'. सात दहानंतर भांडी, ओटा, उद्याची कणीक आणि मुलाचं दप्तर त्याच्याकडे. माझ्याकडे दार आणि फोन. साडेसात ते नऊ अठरा तिचा मोबाईल स्वयंपाकघरात फळीवर असतो, नातेवाइकांचे फोन मी घेते आणि "नऊनंतर करते" सांगते. पहिल्या महिन्यात दोघी रुसल्या. एकीनं विचारलं, सून फार मोठी झाली का? मी म्हटलं, होते आहे, डिसेंबरात कळेल.

सप्टेंबरपासून वहीत दहा, अकरा, दहा असे आकडे आहेत, पर्युषणाचा ठरलेला शून्य सोडून. दोन्ही गृहपाठ गेले, पोच फोटोसकट आहे. अर्जही भरला, दोनच पेपरांचा. व्यवसाय संघटन आणि भाषेचा पेपर जूनला. जूनच्या तयारीचा काळ जानेवारी ते मे, म्हणजे सूर्यास्त दर महिन्याला पुढे सरकत जाणार. दुसरा डबा मार्चच्या सुमारास बंद होईल आणि घरी साडेसहाला सगळ्यांचं ताट एकदम लागेल. त्या वेळचा स्वयंपाक मी करीन, पण माझ्या गुडघ्याला रोज दोन वेळा उभं राहणं झेपत नाही. मुलाला खिचडी येते, कढी शिकतो आहे. पोळ्यांचं अजून ठरलेलं नाही.